बिलातले दिवस नेमके किती? दोन रीडिंगच्या तारखांवरून रोजचा सरासरी वापर काढताना कुठे चुकतं

घरात नवीन काही आलेलं नाही, पाहुणे नाहीत, पंखे तेवढेच फिरतायत, तरी या महिन्याचं बिल मागच्यापेक्षा तीस युनिटने जास्त. महावितरणच्या घरगुती बिलांबद्दल ही तक्रार दर वर्षी फिरून फिरून येते. तिचंच दुसरं रूप म्हणजे, ‘मी रोजची सरासरी काढून पाहिली, पण हिशोब काही जुळत नाही.’ दोन्ही ठिकाणी मीटरवर संशय घेण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: हे युनिट किती दिवसांचे आहेत? माझ्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात. ज्या सुटत नाहीत, त्या निदान नेमक्या शब्दांत मांडता येतात, आणि कार्यालयात त्याचा फार उपयोग होतो.

बिल महिन्याचं असं आपण म्हणतो, पण मीटर वाचणारा माणूस दर महिन्याला त्याच तारखेला येईल असं नसतं. मध्ये रविवार येतो, सण येतो, पावसाने त्याची फेरी मागे पडते. त्यामुळे एका बिलात २८ दिवस असतात तर पुढच्यात ३४. बिलावर मोठ्या अक्षरात ‘मार्च’ छापलेलं असलं तरी आतले युनिट १ मार्च ते ३१ मार्चचे नसतात. ते दोन रीडिंगच्या मधले असतात.

आधी तारखा बरोबर उचला

बिलावर चार तारखा तरी दिसतात: देयक दिनांक, देय दिनांक, चालू रीडिंगचा दिनांक आणि मागील रीडिंगचा दिनांक. आपल्या कामाच्या फक्त शेवटच्या दोन. देयक दिनांक म्हणजे बिल तयार झाल्याची तारीख. ती रीडिंगनंतर काही दिवसांनी पडते, आणि हे अंतर दर महिन्याला सारखं नसतं. देय दिनांक म्हणजे पैसे भरायची शेवटची मुदत. हीच तारीख मोठ्या अक्षरात असते म्हणून घाईत नेमकी तीच उचलली जाते. या दोन्हींचा वापराच्या दिवसांशी काही संबंध नाही.

आता दिवस मोजू. मागील रीडिंग ९ फेब्रुवारी २०२४ आणि चालू रीडिंग १४ मार्च २०२४. बोटांवर मोजायला बसलं की मन म्हणतं, नऊ तारीखही धरायची आणि चौदाही धरायची. तसं केलं की ३५ दिवस येतात. खरं उत्तर ३४ आहे.

दोन्ही तारखा का धरायच्या नाहीत, हे एकदा नीट समजलं की पुन्हा गोंधळ होत नाही. रीडिंग म्हणजे एक दिवस नव्हे, तो एक क्षण आहे. ९ तारखेला सकाळी मीटरवर जो आकडा होता तिथून मोजणी सुरू झाली आणि १४ तारखेच्या सकाळच्या आकड्यावर थांबली. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात. नवव्या दगडापासून चौदाव्या दगडापर्यंत पाच किलोमीटर होतात, दगड मात्र सहा मोजले जातात. आपल्याला हवं आहे ते मधलं अंतर. तेव्हा एकच टोक धरायचं, दोन्ही नाही.

याचा पडताळाही सोपा आहे. या बिलाची चालू तारीख हीच पुढच्या बिलाची मागील तारीख असते. प्रत्येक बिलात दोन्ही टोकं धरली तर तो एक दिवस दोनदा मोजला जातो. अशी सलग बारा बिलं जोडली की वर्ष ३६५ च्या जागी ३७७ दिवसांचं होतं. तुमच्या वर्षभराच्या बिलांच्या दिवसांची बेरीज पहिल्या आणि शेवटच्या तारखेतल्या अंतरापेक्षा जास्त येत असेल, तर दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. मीटरचा त्यात काही संबंध नाही.

हाताने करायचं तर पद्धत अशी: पहिल्या महिन्यात त्या तारखेनंतर उरलेले दिवस घ्या, मधले पूर्ण महिने असतील तर त्यांचे दिवस मिळवा आणि शेवटच्या महिन्यातली तारीख जशीच्या तशी मिळवा. फेब्रुवारी २०२४ लीप वर्षातला, म्हणजे २९ दिवसांचा. २९ मधून ९ वजा केले की २० उरले, त्यात मार्चचे १४ मिळवले की ३४. सवयीने फेब्रुवारी २८ चा धरला असता तर ३३ आले असते. फेब्रुवारी-मार्चचं बिल हातात असेल तेव्हा आधी वर्षाकडे बघा.

एक घर, चार बिलं

उदाहरणासाठी आकडे धरू. दोन खोल्यांचं घर, साधा सिंगल फेज मीटर, गुणक अवयव १, म्हणजे दोन रीडिंगमधला फरक हेच युनिट. रीडिंग अशी:

| रीडिंगची तारीख | रीडिंग | दिवस | युनिट | रोजची सरासरी |
|---|---|---|---|---|
| ११-०१-२०२४ | ४३१२ | – | – | – |
| ०९-०२-२०२४ | ४४८६ | २९ | १७४ | ६.० |
| १४-०३-२०२४ | ४६९० | ३४ | २०४ | ६.० |
| १२-०४-२०२४ | ४८९३ | २९ | २०३ | ७.० |
| १३-०५-२०२४ | ५१७२ | ३१ | २७९ | ९.० |

यातलं मार्चचं बिल पाहा. फेब्रुवारीत १७४ युनिट होते, मार्चमध्ये २०४ झाले. घरात चर्चा सुरू होते की तीस युनिट वाढले कुठून? उत्तर मधल्या रकान्यात आहे: पाच दिवस जास्त होते. रोज सहा युनिट या वेगाने पाच दिवसांचे तीस युनिट होतात. वापर तसूभरही वाढलेला नाही.

एप्रिलचं बिल मात्र याच्या उलट आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. २०३ युनिट, म्हणजे मार्चपेक्षा एक कमीच. ते पाहून कुणाच्याही मनात काही येत नाही. पण ते २९ दिवसांत झालेत. रोजचा वापर सहावरून सातवर गेला, म्हणजे जवळपास सतरा टक्के वाढ. कुलर काढला असेल, फ्रिजचं दार नीट बसत नसेल, गीझरचा थर्मोस्टॅट अडकला असेल. जे काही असेल ते इथे सुरू झालंय आणि बिलाने ते झाकून ठेवलंय. वाढलेलं बिल सगळेच तपासतात. जे बिल सारखं दिसतं पण ज्यात दिवस कमी आहेत, ते सहसा कुणी तपासत नाही.

काही जण प्रत्येक बिलाला सरळ ३० ने भागतात. तसं केलं तर याच घराची सरासरी ५.८, ६.८, ६.७७ आणि ९.३ अशी दिसते. म्हणजे वाढ मार्चमध्ये झाली आणि एप्रिल शांत गेला, असा निष्कर्ष निघतो. खरी गोष्ट त्याच्या बरोबर उलटी होती. वाढ कधी झाली हेच चुकलं की मग कारण शोधण्यात काही अर्थ राहत नाही.

एकूण पडताळा शेवटी घ्यावा. ११ जानेवारी ते १३ मे हे अंतर १२३ दिवसांचं आहे, आणि २९, ३४, २९, ३१ यांची बेरीजही १२३ येते. युनिटचंही तसंच: ५१७२ वजा ४३१२ म्हणजे ८६०, आणि चार बिलांची बेरीज ८६०. या दोन बेरजा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. चार महिन्यांची सरासरी हवी असेल तर ८६० ला १२३ ने भागा. चार सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नका, कारण २९ दिवसांच्या बिलाला आणि ३४ दिवसांच्या बिलाला त्यात सारखंच वजन मिळतं. इथे फरक नगण्य येतो, पण एखादं बिल दोन महिन्यांचं असेल तर तो चांगलाच जाणवतो.

एक्सेलमध्ये तारखा उलट्या होतात

वर्षभराची बिलं शीटमध्ये भरणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते. त्यांची मोजणीची पद्धत बरोबर असते, शीट तारीखच चुकीची समजतं. बिलावर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर शीट तीच महिना-दिवस-वर्ष अशी वाचतं. ०९-०२-२०२४ ही ९ फेब्रुवारी न राहता २ सप्टेंबर होते. १४-०३-२०२४ मध्ये चौदावा महिना नसल्यामुळे ती तारीख म्हणून घेतलीच जात नाही, नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा उलट्या, काही अक्षरं, असं मिश्रण तयार होतं.

वरच्या तक्त्यातल्या तारखांवर हे घडलं तर लगेच कळतं. ११-०१ ची १ नोव्हेंबर आणि ०९-०२ ची २ सप्टेंबर झाल्यामुळे वजाबाकी उणे ६० येते, आणि त्या चौकटीचा प्रकार तारखेचा असेल तर नुसते `#####` दिसतात. पुढच्या ओळीत अक्षरांमधून तारीख वजा करायची वेळ येते म्हणून `#VALUE!` येतो. अशी चूक ठळक दिसते आणि माणूस थांबतो.

खरा धोका, चूक दिसत नाही तेव्हा असतो. समजा मागील रीडिंग ५ जूनला आणि चालू रीडिंग ७ जुलैला झालं. खरे दिवस ३२. शीटने पहिली तारीख उलटी करून ६ मे धरली. ०७-०७ उलटी केली तरी ७ जुलैच राहते. उत्तर येतं ६२. हा आकडा ‘दोन महिन्यांचं बिल असेल’ म्हणून सहज पटतो आणि रोजची सरासरी निम्मी दिसते. एखाद्या महिन्यात वापर अचानक अर्धा झालेला दिसला, तर आनंद मानण्याआधी त्या ओळीतल्या तारखेचा महिना शब्दांत दिसेल असा प्रकार निवडा, म्हणजे ६ मे आहे की ५ जून हे डोळ्यांना कळेल. दुसरी खूण म्हणजे रकान्यातलं लिखाण: हात लावला नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसलं की घोटाळा आहे असं समजा.

उलटी झालेली तारीख मागाहून सूत्राने दुरुस्त करत बसण्यापेक्षा रकाना पुन्हा भरणं सोपं. आधी पूर्ण `A` रकान्याचा प्रकार टेक्स्ट करा, मग तारखा बिलावर आहेत तशा, दोन आकडी दिवस आणि दोन आकडी महिना ठेवून टाइप करा. रीडिंग `B` मध्ये. पहिली नोंद दुसऱ्या ओळीत आहे असं धरून सूत्रं अशी:

```
C2:  =DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2))
D3:  =C3-C2
E3:  =B3-B2
F3:  =ROUND(E3/D3,2)
```

`C2` तिसऱ्या ओळीपासून खाली ओढा, बाकीची चौथ्या ओळीपासून. `D` रकान्याचा प्रकार जनरल किंवा नंबर ठेवा, नाहीतर ३४ च्या जागी एखादी १९०० सालातली तारीख दिसेल आणि सूत्र बिघडलं असं वाटेल. ते बिघडलेलं नसतं, फक्त दाखवण्याचा प्रकार चुकलेला असतो. शेवटी एका कोपऱ्यात हा पडताळा ठेवा; दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं:

```
=SUM(D3:D6)
=C6-C2
```

`DAYS360` नावाचं एक फंक्शन आहे. नावावरून ते योग्य वाटतं, पण ते प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतं. व्याजाच्या काही हिशोबांसाठी ते आहे. ९ फेब्रुवारी ते १४ मार्चला ते ३५ सांगेल. आपल्याला साधी वजाबाकीच हवी.

रीडिंग न झालेल्या महिन्याचं बिल

इथपर्यंत सगळं जुळवूनही सरासरी वेडीवाकडी येत असेल, तर बहुतेक वेळा मध्ये एक अंदाजाचं बिल असतं. घराला कुलूप होतं, मीटरपर्यंत जाता आलं नाही, किंवा रीडिंग मिळालंच नाही, तर मागच्या वापराच्या सरासरीवर बिल दिलं जातं. बिलावर मीटरच्या स्थितीपुढे किंवा चालू रीडिंगच्या जागी तसा शेरा असतो आणि मीटरचा फोटो नसतो किंवा त्यात आकडे दिसत नाहीत. त्या बिलातले युनिट मोजलेले नाहीत. त्यांना दिवसांनी भागून जे येतं तो तुमचा वापर नव्हे, कार्यालयाचा अंदाज आहे.

आपलंच घर पुढे नेऊ. १३ मे रोजी रीडिंग ५१७२ होतं. १३ जूनला घर बंद होतं, म्हणून १८० युनिटचं सरासरी बिल आलं. १५ जुलैला खरं रीडिंग मिळालं: ५६७६. जुलैच्या बिलात ५१७२ पासून ५६७६ पर्यंतचे ५०४ युनिट दिसतात आणि आधीच्या सरासरी बिलाची रक्कम वजा होते.

आता इथे तीन चुकीची उत्तरं निघू शकतात, आणि तिन्ही मी लोकांच्या वहीत पाहिली आहेत. जून १८० भागिले ३१ दिवस, म्हणजे ५.८. जुलै ५०४ भागिले ३२ दिवस, म्हणजे १५.७५, आणि मग मीटर पळतोय अशी तक्रार. किंवा ५०४ मधून आधीचे १८० वजा करून उरलेले ३२४ भागिले ३२, म्हणजे १०.१. हे शेवटचं उत्तर सगळ्यात शहाणं दिसतं, म्हणूनच जास्त फसवं आहे, कारण जूनचे १८० कधी मीटरवर मोजलेच गेले नव्हते.

बरोबर उत्तर एकच: खऱ्या रीडिंगपासून खऱ्या रीडिंगपर्यंत. १३ मे ते १५ जुलै म्हणजे १८ अधिक ३० अधिक १५, एकूण ६३ दिवस. ५०४ भागिले ६३ म्हणजे रोज ८ युनिट. मे महिन्यातल्या नऊपेक्षा थोडं कमी. पाऊस सुरू झाल्यावर कुलर बंद झाला तर असंच दिसायला हवं. त्या ६३ दिवसांत जूनमध्ये किती आणि जुलैमध्ये किती, हे या दोन आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. घर बंद असतानाचे दिवस वेगळे काढायचे असतील तर निघताना आणि परतल्यावर स्वतः मीटरचा फोटो काढणं हाच उपाय.

यातून एक नियम निघतो, तो मी कुठल्याही बिलाला लावतो: रीडिंग आणि तारीख ही जोडी आहे, ती तोडायची नाही. हातातल्या बिलावरचं ‘मागील रीडिंग’ घ्या आणि तोच आकडा ‘चालू रीडिंग’ म्हणून फोटोसह आधी कुठल्या बिलावर छापला होता ते शोधा. त्या बिलावरची चालू तारीख हीच तुमची खरी सुरुवात. मागचं रीडिंग दोन बिलं जुनं आणि तारीख मात्र गेल्या महिन्याची अशी गल्लत झाली, की वरचा १५.७५ सारखा आकडा निघतो.

स्लॅबमध्ये याचे पैसे होतात

दिवसांची ही मोजणी फक्त कुतूहलासाठी नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे, म्हणजेच स्लॅब, १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि ते महिन्याच्या वापराचे आहेत. वरच्या टप्प्यात युनिटचा दर बराच चढतो. ६३ दिवसांचे ५०४ युनिट एकाच महिन्याचे म्हणून टप्प्यांत टाकले, तर १०० पहिल्यात, २०० दुसऱ्यात, २०० तिसऱ्यात आणि ४ चौथ्यात जातात. पण ३० दिवसांचा महिना धरला तर ६३ दिवस म्हणजे २.१ महिने. पहिला टप्पा २१० युनिटपर्यंत आणि दुसरा ६३० पर्यंत जातो. मग २१० युनिट पहिल्या दराने, उरलेले २९४ दुसऱ्या दराने, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात काहीच नाही. रोज ८ युनिट म्हणजे महिन्याला २४० युनिटचं घर. ते दुसऱ्याच टप्प्यातलं आहे, तेव्हा हे उत्तर रास्तच आहे.

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्राने हेच फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. मार्च अखेरपासून मीटर वाचणं थांबलं, मधली बिलं आधीच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या, कमी वापराच्या सरासरीवर गेली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचा आणि दिवसभर घरात बसलेल्या कुटुंबाचा सगळा वापर एकाच बिलात आला. लोक हादरले, आणि ते स्वाभाविक होतं. महावितरणने तेव्हा एकूण युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ दिल्याचं स्पष्टीकरण दिलं. ज्यांनी आपल्या दोन खऱ्या तारखा आणि मधले दिवस काढून ठेवले होते, त्यांना ते स्पष्टीकरण आपल्या बिलावर लावून बघता आलं. बाकीच्यांपुढे फक्त एक मोठी रक्कम होती.

तुमचं बिल नेहमीपेक्षा जास्त दिवसांचं असेल तर आकारणीच्या तपशिलात पहिल्या टप्प्यात किती युनिट टाकलेत ते पाहा. ६३ दिवसांच्या बिलात तिथे नेमके १०० च दिसत असतील तर विचारणा करायलाच हवी. २१० च्या आसपास असतील तर लाभ मिळालेला आहे. दोन-चार युनिटचा फरक महिना किती दिवसांचा धरला यावरून पडू शकतो, त्यासाठी भांडण नको.

आकडा किती विश्वासाचा

बिलावर तारीख असते, वेळ नसते. एकदा सकाळी नऊला आणि पुढच्या वेळी संध्याकाळी सहाला रीडिंग झालं तर नऊ तासांचा फरक पडतो. तीस दिवसांत तो सव्वा टक्क्याच्या आसपास. शिवाय बिलात पूर्ण युनिटच येतात, दशांश सुटतात. तेव्हा सहाच्या जागी ६.१ आले म्हणून काही शोधायला जाऊ नये. पाच टक्क्यांच्या पुढचा फरक सलग दोन बिलांत दिसला तर मात्र तो खरा धरावा.

स्वतः रीडिंग घेऊन पडताळणाऱ्यांनी दोन रीडिंगमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा आणि वेळ शक्यतो तीच ठेवावी. एका दिवसाच्या फरकाने घेतलेल्या रीडिंगवरून काढलेली सरासरी नुसत्या दशांशामुळेच हलते. डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात: तारीख, वेळ, सर्वोच्च मागणी, असं बरंच काही. ज्या आकड्याबरोबर `kWh` दिसतं तोच लिहून घ्यायचा. `kVAh` किंवा `kW` असलेला आकडा घेतला तर पुढचं सगळं गणित निरर्थक होतं.

मीटर बदलला असेल त्या महिन्यात चालू रीडिंग मागच्यापेक्षा लहान दिसतं आणि सूत्र उणे युनिट दाखवतं. तिथे दोन तुकडे करायचे: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग वजा त्याचं मागील रीडिंग, आणि नव्याचं चालू वजा नव्याचं सुरुवातीचं. दोन्हींची बेरीज, आणि दिवस मात्र पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग बदलताना दिलेल्या कागदावर असतं. तो कागद जपून ठेवा, आणि बदलण्याआधी दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून घ्या. तुकड्यांतला हा हिशोब नंतर फक्त त्यावरूनच सिद्ध करता येतो.

एवढं करूनही सरासरी खरोखर चढलेली निघाली आणि घरात कारण सापडलं नाही, किंवा जास्त दिवसांच्या बिलात स्लॅबचा लाभ दिसत नसेल, तर उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. ‘बिल जास्त आलं’ एवढंच लिहू नका. स्लॅबबद्दल असेल तर असं लिहा: ‘१३ मे २०२४ रोजी रीडिंग ५१७२, १५ जुलै २०२४ रोजी ५६७६, दिवस ६३, रोजचा वापर ८ युनिट, आकारणीत स्लॅबचा लाभ ६३ दिवसांप्रमाणे दिसत नाही.’ सोबत दोन्ही बिलांच्या प्रती आणि मीटरचा तारखेसह फोटो जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोनवर तक्रार नोंदवायची तर १९१२ हा क्रमांक आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच येणार की कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.